देवळाच्या भिंतीवरचा दाढीवाला: ऋषी, अग्नी की ब्रह्मदेव?

पुण्यातून रविवारी भुलेश्वरला, जरा लांब सिन्नरच्या गोंदेश्वरला नाहीतर अंबरनाथला जाऊन आलेली मंडळी फोटो टाकतात, आणि त्यात एक फोटो हमखास असतो. दाढी, डोक्यावर जटा, एका हातात माळ, दुसऱ्यात कमंडलू. खाली लिहिलेलं असतं "कोणीतरी ऋषी". पुष्कळदा ते बरोबर असतं, पण बऱ्याच वेळा तो अग्नी असतो, कधी ब्रह्मदेव, आणि मूर्ती फुटकी असेल तर चक्क शिवसुद्धा निघतो. म्हणून एकदा नीट सगळं लिहून काढतोय, देवळासमोर उभं राहिल्यावर नजर कुठून कुठे न्यायची त्या क्रमाने.

आधी मुद्द्याचं बोलतो. जटा, माळ, कमंडलू आणि दंड ही चार लक्षणं आपल्याला एवढंच सांगतात की समोरचा तपाशी जोडलेला आहे. तो माणूस आहे की देव हे ती सांगत नाहीत, कारण देवही तप करतात, यज्ञाशी जोडलेले असतात, योगी असतात आणि शिल्पकार त्यांना तीच सामग्री देतो. फरक कळतो तो या चार गोष्टी कशा घडवल्यात, कुठल्या हातात आहेत आणि त्यांच्या सोबतीला अजून काय आहे यावरून. त्यामुळे दाढीवरून सुरुवात करू नका, दाढी सगळ्यात शेवटी बघायची.

पाहण्याआधी उजेडाची सोय

आपल्याकडच्या काळ्या पाषाणात भर दुपारी काहीही दिसत नाही, सूर्य डोक्यावर असला की कोरीव काम सपाट वाटतं. सकाळी लवकर किंवा साडेचारनंतर तिरपं ऊन भिंतीवर येतं तेव्हा माळेचा एकेक मणी सुटा दिसायला लागतो. गाभाऱ्याजवळ किंवा मंडपात अंधार असेल तर मोबाईलचा टॉर्च मूर्तीच्या समोरून मारायचा नाही, भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने मारायचा, म्हणजे उंचसखलपणाची सावली पडते आणि झिजलेल्या रेषाही उठून दिसतात. सोबत कोणी असेल तर एकाने टॉर्च धरायचा आणि दुसऱ्याने फोटो काढायचा. एक उजवीकडून उजेड देऊन, एक डावीकडून. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवून झूम करा, बरीच कोडी तिथेच सुटतात.

दगडावर पाणी मारणं, खडूने रेषा गिरवणं, शेंदूर खरवडणं यातलं काहीही करू नका, कृपा करून. शेंदराचे जाड थर असतील तर ती मूर्ती तेवढी सोडून द्या.

पहिली पायरी: हात मोजा

माणूस ऋषी असेल तर हात दोन, इतकं साधं. चार हात दिसले की ऋषी हा पर्याय जवळपास संपलाच, मग समोर देव आहे, देवी आहे किंवा द्वारपाल आहे. शैव देवळातल्या द्वारपालांना जटामुकुट आणि चार हात दोन्ही असतात, त्यांच्या हातातला जाड सोटा पाहून लोक त्याला दंड समजतात, पण ती गदा असते आणि तिचं टोक फुगलेलं असतं.

अडचण येते ती तुटलेल्या हातांची. आपल्या भागातल्या मूर्तींचे मागचे दोन हात सगळ्यात आधी जातात कारण ते दगडाच्या पाट्यापासून सुटे काढलेले असतात. म्हणून दोनच हात दिसले तर लगेच "दोन हात" असं धरू नका, कोपरापाशी आणि खांद्याच्या मागे बघा. तिथे ओबडधोबड तुटल्याची खूण, म्हणजे बाकी अंगासारखी घासून गुळगुळीत न केलेली जागा, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर असेल तर तिथून अजून एक जोडी निघत होती. दुसरी जागा म्हणजे खांद्याच्या वर, कानाच्या शेजारची मागची पाटी. हात तुटला तरी हातातली वस्तू बऱ्याचदा पाटीला चिकटलेली राहते, त्रिशूळाचं टोक, कमळाचा देठ, पळीचं तोंड असं काहीतरी.

उलट बाजूनेही सावध राहायचं, दोन हात म्हणजे माणूसच असंही नाही. अग्नी आणि इतर दिक्पाल कित्येक देवळांत दोन हातांचे आहेत. नवग्रहांचा पट्टा असेल तर त्यातले मधले ग्रह दोन हातांचेच असतात आणि त्यांच्या हातांत अक्षमाला नि कमंडलू असतात, त्यामुळे एका ओळीत ऋषी बसवलेत असं वाटतं. तिथे ओळीची दोन टोकं बघायची. एका टोकाला दोन्ही हातांत कमळं घेतलेला सूर्य आणि दुसऱ्या टोकाला नुसतं धड किंवा मोठं डोकं असलेला राहू, शेजारी सापाच्या शेपटीचा केतू, की मधले कोण हे विचारायची गरजच राहत नाही.

दुसरी पायरी: डोकं

इथे जरा थांबून बघा, जटेत खूप माहिती असते. देवाच्या जटा म्हणजे जटामुकुट, केसांच्या वळ्या उंच बांधून त्याचा मुकुटासारखा आकार केलेला, खाली कपाळावर पट्टा आणि बहुतेक वेळा समोर एखादा दागिना. शिव असेल तर त्यात चंद्रकोर, कवटी किंवा नाग शोधा. चंद्रकोर आपण समजतो तशी मधोमध नसते, एका बाजूला खोचलेली असते, त्यामुळे ती बाजू झिजली असेल तर दुसऱ्या बाजूला शोधून हाती काही लागत नाही. ऋषीचे केस याच्यापुढे साधे. डोक्यावर गोल अंबाडा, कधी तो एका बाजूला कललेला, कधी दोरीसारख्या जटा डोक्याभोवती गुंडाळून वर गाठ मारलेली, कधी खांद्यावर मोकळ्या सोडलेल्या. पट्टा असलाच तर तोही केसांचाच किंवा मण्यांचा, त्यात दागिना नसतो.

झिजलेल्या दगडात जटामुकुट आणि किरीटमुकुट सारखेच दिसतात, दोन्ही उंच. मग रेघांची दिशा पाहायची. जटेच्या खाचा खालून वर जातात आणि वर कुठेतरी वळून लूप करतात. किरीट हा धातूचा मुकुट, त्यावर आडवे पट्टे आणि नक्षी असते आणि त्याचा आकार नळकांड्यासारखा सरळ जातो. तिसरा प्रकार करंडमुकुट, यात एकावर एक लहान होत गेलेल्या गोल उतरंडी असतात, तो देवीला आणि दुय्यम देवतांना असतो. आडव्या रेघा दिसल्या की ऋषी नाही हे पक्कं.

डोक्यावर बारीक गोगलगायीसारखे कुरळे केस, कानाच्या पाळ्या लांब, अंगावर काहीच नाही, छातीच्या मधोमध श्रीवत्साचं चिन्ह असेल तर समोर जैन तीर्थंकर आहेत. यात एक सुंदर अपवाद आहे, पहिले तीर्थंकर आदिनाथ यांच्या खांद्यांवर केसांच्या बटा उतरलेल्या दाखवतात. ते पाहून काही जण "जटाधारी योगी" म्हणतात. त्यांच्या हातात माळ नसते आणि कमंडलूही नसतो, हात मांडीवर एकावर एक ठेवलेले असतात किंवा उभ्या मूर्तीत सरळ खाली सोडलेले.

आणि डोक्याकडे बघतानाच चेहरे मोजून घ्या. ब्रह्मदेवाला चार तोंडं, पण भिंतीवरच्या मूर्तीत समोरून तीनच दिसतात. बाजूची दोन तुटली की मधे उरतो तो एक दाढीवाला जटाधारी चेहरा, आणि तो अगदी ऋषी वाटतो. कानाच्या जागी बघा. ऋषीला कान असतो, त्यात काहीतरी असतं किंवा लोंबलेली पाळी असते. ब्रह्मदेवाचे बाजूचे चेहरे गेले असतील तर कानाच्या जागी दोन्हीकडे सारखा मोठा खडबडीत खड्डा दिसतो आणि जटामुकुटही डोक्याच्या मानाने फार रुंद वाटतो, कारण तो तीन चेहऱ्यांवर मिळून बांधलेला होता. दाढीवर मात्र विसंबू नका. आपल्याकडे आणि गुजरातेत ब्रह्मदेवाला दाढी देतात, तमिळ भागातल्या चोळ काळच्या ब्रह्मदेवाला दाढी नसते.

तिसरी पायरी: मणी

मणी दोन ठिकाणी असतात, हातात आणि अंगावर. हातातली जपमाळ म्हणजे अक्षमाला, ती साधारणपणे उजव्या हातात असते, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये मणी धरलेला, खाली लोंबणारा फास. ती ब्रह्मदेवाकडे असते, अग्नीकडे असते, सरस्वतीकडे, तप करणाऱ्या पार्वतीकडे, ग्रहांकडे, ऋषीकडेही असते. म्हणजे हातातल्या माळेवरून निर्णय होत नाही.

निर्णयाला उपयोगी पडतात ते अंगावरचे मणी. मला विचाराल तर सगळ्या लक्षणांत हे सगळ्यात भरवशाचं आहे आणि याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. देवाच्या अंगावर दागिने असतात: गळ्यात दोन-तीन पदरी हार आणि त्याला मधे पदक, दंडावर केयूर, मनगटात कडी, कमरेला नक्षीची मेखला, पायात नूपुर. ऋषीच्या अंगावर त्याच जागी मणी असतात. गळ्यात रुद्राक्ष, दंडावर रुद्राक्षाची एक ओळ, मनगटावर एक ओळ, आणि कमरेला मेखलेऐवजी लंगोटी किंवा साधं वस्त्र. छोट्या शिल्पात मोत्याचा हार आणि रुद्राक्ष दोन्ही ठिपक्यांची ओळच दिसतात, तेव्हा मधे पदक आहे का बघा, पदर किती ते बघा, आणि मुख्य म्हणजे कमर आणि पाय बघा. वर मणी आणि खाली नक्षीदार मेखला, घुंगरू असतील तर तो देव आहे, तपस्व्याच्या रूपातला देव.

भैरवाच्या गळ्यातल्या गोल गोष्टी मणी वाटू शकतात, झूम केलं की त्यांना डोळे दिसतात. ती मुंडमाळ.

चौथी पायरी: कमंडलू खरंच कमंडलू आहे का

डाव्या हातात गोलसर काहीतरी दिसलं की कमंडलू म्हणून मोकळं व्हायची सवय लागते. पण गोलसर वस्तू बऱ्याच आहेत. महाळुंग आहे, कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात आहे तेच फळ. कवटीचं भांडं आहे, कुबेराची पैशाची थैली आहे, अमृताचा कलश आहे.

यात बोटांकडे बघायचं. महाळुंग तळहातावर ठेवलेलं असतं, हात वर उघडा, फळाचं टोक वर. कमंडलू वरून धरलेला असतो, बोटं मानेभोवती वळलेली किंवा कडीत अडकवलेली आणि भांडं हाताच्या खाली लोंबतं. कवटी म्हणजे उथळ वाटी, ती छातीजवळ धरलेली असते. थैली लांबट असते, तिला भांड्यासारखी कडक मान नसते. तोटी दिसली तर सोन्याहून पिवळं, पण दगडात तोटी ही बारीक आणि पुढे आलेली, ती आधीच मोडलेली असते, म्हणून तिच्यावर अडून बसू नका. कमंडलूचा आकार नजरेत बसवायचा असेल तर कसब्यात तांबट आळीत किंवा केळकर संग्रहालयात जुनी तांब्यापितळेची भांडी बघा, पोट, मान, काठ यांचं प्रमाण एकदा डोक्यात बसलं की भिंतीवर झिजलेला उंचवटा पाहूनसुद्धा अंदाज येतो.

बुटका बटू, हातात कमंडलू, दुसऱ्या हातात छत्री किंवा काठी असेल तर तो वामन असण्याची शक्यता मोठी. शेजारी एक राजा झारीने त्याच्या हातावर पाणी सोडताना आणि बाजूला एक पाय आकाशात उचललेला त्रिविक्रम दिसला की शंका उरत नाही.

पाचवी पायरी: काठीचं वरचं टोक

दंडात बघायचं ते फक्त वरचं टोक. साधा सरळ, शेंडा तसाच संपणारा तो दंड. फुगलेलं टोक असेल तर गदा. कवटी असेल तर खट्वांग, म्हणजे शिव किंवा भैरव. पळीसारखं खोलगट तोंड असेल तर स्रुवा, तूप होमात घालायची पळी, ती ब्रह्मदेव आणि अग्नीची. वर आडवी दांडी किंवा बेचकं असेल आणि ते काखेखाली घेतलं असेल तर योगदंड, आपण जिला कुबडी म्हणतो ती, आणि ही मात्र योग्याची, माणसाची खूण. दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीच्या लेण्यांत नाथपंथी शिल्पं आहेत. नाथयोग्यांच्या कानातल्या मोठ्या मुद्रा एकदा तिथे डोळे भरून पाहिल्या की पुढे कुठेही ओळखता येतात.

धोका एकच, त्रिशूळाची तिन्ही पाती मोडली की उरतो तो साधा दंड. टोक गुळगुळीत संपतंय की तुटल्यासारखं, हे तिरप्या उजेडात कळतं. वर पाटीवर दोन बाजूंना वळलेल्या पात्यांचे ठसे राहिले असतील तर तेही दिसतात.

दंड आणि महाळुंग एकत्र सापडलं तर मात्र जपून. दोन हात, मांडी घालून बसलेला, हातात जाड सोटा, ऊर्ध्वलिंग, आणि भोवती चार शिष्य, हा लकुलीश. पाशुपत पंथाचा आचार्य, गुजरातेतल्या कारवणशी जोडलेला, आणि त्याच्या अनुयायांनी त्याला शिवाचा अवतार मानलं. कुशिक, गर्ग, मित्र आणि कौरुष्य हे ते चार शिष्य. इथे माणूस की देव असा प्रश्नच नीट लागू होत नाही, तो दोन्ही आहे, आणि मूर्तीही तशीच घडवतात. मुख्य जागी बसवलेला, पण दोनच हातांचा.

आता एक मूर्ती सुरुवातीपासून सोडवू

समजा पूर्वेकडे तोंड असलेलं यादवकाळच्या धाटणीचं शिवमंदिर आहे आणि तुम्ही प्रदक्षिणा घालताय. बाहेरच्या भिंतीवर कोपऱ्याजवळ उभी मूर्ती, गुडघ्याएवढ्या उंचीची. दाढी आहे, पोट सुटलंय, उजव्या हातात माळ, डाव्यात मान धरलेलं भांडं. कोपरं नीट तपासली, दोन्ही गुळगुळीत, म्हणजे हात खरोखर दोनच. एकच चेहरा, कान शाबूत, म्हणून ब्रह्मदेव नाही. इथपर्यंत ऋषीचं पारडं जड आहे, अगस्त्य म्हणायचा मोह होतो कारण अगस्त्यही बुटका, पोट सुटलेला, दाढीवाला, कमंडलूवाला.

आता अंगावर या. गळ्यात हार, त्याला पदक. कमरेला मेखलेच्या लोंबत्या सरी. हे ऋषीच्या अंगावर शोभत नाही, पारडं फिरलं. मग पायाशी. डाव्या पायामागे एक चार पायांचा प्राणी, तोंड मोडलेलं, पण डोक्यापासून मागे वळलेलं शिंग पाटीला चिकटलेलं आहे. बोकड किंवा मेंढा. डोक्यामागची पाटी तिरप्या उजेडात पाहिली तर कडेला वर जाणाऱ्या टोकदार जिभा दिसतात, ज्वाळा. आता मोबाईलमधला कंपास काढा. कोपरा आग्नेय. शेजारची मूर्ती बघा, तिच्या पायाशी हत्ती असेल तर तो इंद्र, पूर्वेचा दिक्पाल, आणि पुढे दक्षिणेला रेड्यासोबत यम सापडायला हवा. सगळं जुळलं, हा अग्नी.

यातली सगळ्यात स्वस्त आणि पक्की चाचणी म्हणजे दिशा. मूर्तीचं नाक, हात, वाहन, सगळं फुटलं तरी भिंतीचा कोपरा कुठे जात नाही. फक्त दोन गोष्टी पाळा. एक, देवळाचं तोंड कुठेही असो, दिक्पाल खऱ्या दिशांप्रमाणे मोजायचे, दारापासून नाही. दोन, मूर्ती मूळ जागीच आहे ना ते बघा. जीर्णोद्धारात दगड इकडचे तिकडे बसवलेले असतात, आजूबाजूच्या सांध्यात सिमेंट असेल, थरांच्या रेषा जुळत नसतील तर दिशेचा पुरावा बाजूला ठेवायचा. आवारात झाडाखाली मांडून ठेवलेल्या मूर्तींना तर तो लागूच होत नाही.

आणि सगळं फुटलेलं असेल तर

घारापुरीच्या मुख्य लेण्यात उत्तरेच्या दारातून आत शिरताना एका बाजूला नटराज आहे आणि त्याच्या समोर ध्यानस्थ बसलेली मोठी मूर्ती. सहाव्या शतकातलं काम. हात खांद्यापासून गेलेले, म्हणजे माळ, कमंडलू, दंड, यातलं काहीही उरलेलं नाही. नुसत्या बसण्याकडे बघितलं तर एक योगी, कोणी बुद्धही म्हणेल. तरी तो शिव आहे, योगीश्वर शिव, हे कसं ठरतं?

डोक्यावर जटामुकुट आहे, त्यामुळे बुद्ध बाद. मग आसन. तो कमळावर बसलाय आणि त्या कमळाचा देठ खाली दोन नागांनी धरलाय. माणूस तपस्वी दर्भावर, मृगाजिनावर, खडकावर, वेताच्या आसनावर बसतो, नाग त्याचं आसन उचलून धरत नाहीत. मग आकार, भोवतीच्या सगळ्या आकृती याच्यापुढे किती लहान आहेत पाहा. आणि शेवटी आकाश, वरच्या बाजूला देवगण तरंगत त्याच्याकडे आलेले आहेत. या चार गोष्टींना हात लागत नाहीत, हातातल्या वस्तू लागत नाहीत. म्हणून मी म्हणतो की मूर्ती फुटकी असली की आधी आसन, आकारमान आणि वरचा भाग बघा, तिथेच उत्तर सापडतं.

आकारमानाची हीच गोष्ट महाबलीपुरमच्या त्या प्रचंड खडकावर उलट बाजूने दिसते. एका पायावर उभा, हात डोक्यावर नेलेले, फासळ्या निघालेला दाढीवाला तपस्वी आणि त्याच्या शेजारी त्याच्याहून कितीतरी उंच, चार हातांचा शिव. दोघांच्याही डोक्यावर जटाच आहेत. फासळ्या ही फार बोलकी खूण, तपाने झिजलेलं शरीर माणसाला दाखवतात, शिव कितीही तप करो, त्याचं अंग भरलेलंच घडवतात. देवींमध्ये चामुंडा हाडकुळी असते, पण तिथे जपाची गोष्टच नसते, खाली प्रेत असतं.

गुडघ्यांभोवती बांधलेला पट्टा, योगपट्ट, हाही असाच बघायचा. उकिडवं बसून गुडघे आणि पाठ एकत्र बांधणारी ती पट्टी ऋषींना असते, पण योगनरसिंहालाही असते. चेहरा सिंहाचा आहे की नाही हे कळायला फार कष्ट पडत नाहीत, मात्र चेहरा छिनून टाकलेला असेल तर मागच्या हातांकडे आणि आयाळीकडे जा.

दोन जागा जिथे नियम वाकतात

उत्तर प्रदेशात देवगडच्या दशावतार मंदिरात, गुप्तकाळातल्या, पूर्वेच्या भिंतीवर नर-नारायण आहेत. दोघंही जटाधारी, दोघंही तपस्वी वेषात, हातात माळ, खाली आश्रमातली हरणं आणि सिंह. एकाला चार हात आहेत, तो नारायण, आणि एकाला दोन, तो नर. शिल्पकाराने एका चौकटीत शेजारी शेजारी बसवून फरक हातांवर ठेवलाय. ही मूर्ती पाहिली की पहिल्या पायरीला हात का मोजायचे ते डोळ्यांना पटतं.

दुसरी पार्वती. चार हातांत अक्षमाला, शिवलिंग, गणपती आणि कमंडलू, डोक्यावर जटामुकुट, दोन्ही बाजूंना जळती अग्निकुंडं आणि पायाशी घोरपड. दोन हात फुटले आणि लिंग-गणपती गेले की उरते एक माळ-कमंडलूवाली स्त्री, आणि फोटोखाली "तपस्विनी" लिहिलं जातं. घोरपड शोधा, ती पीठावर चपटी, आडवी असते आणि पटकन लक्षात येत नाही. तिच्या जागी हंस असेल आणि बाजूला तीन-चार अजून देव्या एका ओळीत असतील तर ती सप्तमातृकांतली ब्रह्माणी.

मूर्ती भिंतीवर कुठे आहे याचाही थोडा हिशेब ठेवा. गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला तीन बाजूंना मधोमध जो मोठा कोनाडा असतो, देवकोष्ठ, तिथे देवच असतो. भिंतीच्या खाचेत आत सरकलेल्या अरुंद जागा, खांबांचे खालचे आणि मधले चौकोन, छताजवळच्या बारीक पट्ट्या, या ऋषींच्या जागा. खांबावरच्या बोटभर उंच चौकटीत एक दाढीवाला हात उंचावून बोलतोय आणि समोर दोन-तीन जण हात जोडून बसलेत असं दृश्य असेल तर ते गुरू-शिष्यच धरा, दागिने आहेत का म्हणून डोळे ताणत बसू नका, एवढ्या लहान कामात ते दाखवतच नाहीत.

आणि एवढं करूनही नाव लागलं नाही, तर फोटोखाली नाव लिहू नका. जे दिसलं ते लिहा: उभी मूर्ती, दोन हात, कोपरं शाबूत, अंबाडा, दाढी, उजव्या हातात माळ, डावा हात तुटलेला, दागिने नाहीत, वाहनाची जागा झिजलेली, दक्षिण भिंत, पश्चिमेकडून दुसरी खाच. अशा नोंदीवरून दुसरा कोणीही तीच मूर्ती शोधून पुढचं काम करू शकतो. नुसतं "वसिष्ठ ऋषी" लिहिलं की तेच नाव पुढे सगळीकडे कॉपी होत जातं. ऋषींना एकेकट्याचं नाव देणं तसंही फार थोड्या वेळा शक्य होतं, खाली अक्षरं कोरलेली असतील किंवा आजूबाजूला ओळखीची कथा चालू असेल तरच.